आकृतीत जांभळा वर, आकाशात तांबडा वर

माझी भाची दहावीत आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी मी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालत होतो आणि ती वही घेऊन कठड्याला टेकून बसली होती. वहीत तिने एक मोठा थेंब काढला होता. डावीकडून सूर्यकिरण येतो, थेंबाच्या वरच्या भागातून आत शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून वळतो आणि खालच्या भागातून परत डावीकडे, तिरका जमिनीकडे बाहेर पडतो. बाहेर पडताना त्याचे रंग सुटे झालेले. आकृती अगदी बरोबर होती. म्हणूनच ती वैतागली होती.

"मामा, हे बघ. जांभळा वरून बाहेर पडतोय आणि तांबडा खालून. मग इंद्रधनुष्यात तांबडा वर कसा?"

ता-ना-पि-हि-नि-पा-जा आपण सगळ्यांनी घोकलं, पण हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. आकृतीत खरंच जांभळा वर येतो. आकाशात खरंच तांबडा बाहेरच्या कडेला असतो. दोन्ही खरं आहे. मधली गोम कळायची तर आधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो तिच्या आकृतीने चक्क लपवून ठेवला होता.

तिने एकच किरण काढला होता. सूर्यप्रकाश मात्र थेंबाच्या अख्ख्या तोंडावर पडतो. कुठला किरण थेंबाच्या बरोबर मध्यावर पडतो, कुठला मध्यापासून थोडा वर, कुठला अगदी काठाला घासून जातो. प्रत्येक किरण वेगळ्या कोनात परत येणार. मग सगळ्या दिशांना सगळे रंग पसरायला हवेत आणि त्यांचा मिळून नुसता पांढरा उजेड दिसायला हवा. इंद्रधनुष्य मुळात दिसतंच कसं?

हे बघायला एक किरण पूर्ण चालवून पाहू. थेंब गोल धरू, त्याची त्रिज्या १० भाग. किरण थेंबाच्या मध्यरेषेपासून ८ भाग वर पडतो. ८ हा आकडा मुद्दाम घेतलाय, कारण त्यात ३-४-५ चा ओळखीचा काटकोन त्रिकोण दडलेला आहे आणि हिशेब सोपा होतो. किरण जिथे पडतो तिथे थेंबाच्या पृष्ठभागावर काढलेल्या लंबाशी त्याचा कोन ५३.१३ अंश येतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वळवतं त्याचं माप, साधारण ४/३. म्हणून आत शिरताना किरण लंबाकडे झुकतो आणि हा कोन ३६.८७ अंश होतो. इथे किरण १६.२६ अंशांनी वळला. पुढे तो मागच्या भिंतीवर ३६.८७ अंशांनीच आपटतो, कारण थेंब गोल आहे आणि आतला त्रिकोण समद्विभुज आहे. तिथे परावर्तन होऊन तो १०६.२६ अंश वळतो. बाहेर पडताना पुन्हा १६.२६ अंश. तिन्ही वळणं एकाच बाजूची, म्हणून बेरीज करायची: साधारण १३८.८ अंश.

किरण पूर्ण १८० अंश वळला असता तर थेट सूर्याकडे परत गेला असता. हा ४१.२ अंशांनी कमी वळला. म्हणजे आल्या वाटेशी ४१.२ अंशांचा कोन करून तो खाली आला. यापुढे हाच आकडा मोजू: परतीचा किरण आल्या वाटेपासून किती अंश फाकला.

आता बाकीचे किरण. मध्यरेषेवर पडलेला सरळ परत जातो, फाक शून्य. मध्यापासून २ भाग वर पडलेला ११.४ अंश फाकतो. ४ भागांवर २२.७. ६ भागांवर ३३.२. ८ भागांवर ४१.२, तो आपण आत्ताच काढला. इथवर वाटतं की किरण जितका वर पडेल तितकी फाक वाढत जाणार. पण ९ भागांवर ४१.५ येतात, वाढ जवळजवळ थांबली. साडेनऊवर ३८.१, म्हणजे उलट कमी. आणि अगदी काठाला घासून जाणारा किरण जेमतेम १४.४ अंशांवर येतो. मधे कुठेतरी शिखर आहे. ते ८.६ भागांवर सापडतं, आणि तिथली फाक ४२ अंश. त्याच्यापलीकडे, ४३ अंशांवर किंवा ५० अंशांवर, एकदा परावर्तन झालेला एकही किरण येत नाही. फाक जास्तीत जास्त म्हणजे वळण कमीत कमी, १३८ अंश. पुस्तकात किमान विचलन म्हणतात ते हेच.

हा सगळा हिशेब फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हाताने केला होता आणि १६३७ मध्ये छापला. त्याने त्रिज्येचे १०,००० भाग पाडले, एकेक किरण चालवला, आणि शिखराजवळ आल्यावर आणखी बारीक पायऱ्या घेतल्या. कॅल्क्युलेटर हातात असूनही मला आठ किरण काढताना कंटाळा आला, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक.

शिखर आहे इतक्याने काम भागत नाही. शिखराजवळ गर्दी होते, ही खरी गोष्ट. ती कळायला दिवसाच्या लांबीचा विचार करा. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये आपल्या महाराष्ट्रात दिवसाची लांबी आठवड्याला सात-आठ मिनिटांनी बदलते. २१ जूनच्या आसपास मात्र आठवडा गेला तरी मिनिटाचाही फरक पडत नाही. वाढणं संपलेलं असतं, घटणं सुरू व्हायचं असतं. म्हणून वर्षातल्या सगळ्या दिवसांच्या लांबी एका रेषेवर मांडल्या तर सर्वात मोठ्या दिवसाजवळ दिवसांची दाटी झालेली दिसते. एखादी गोष्ट वाढत जाऊन मागे फिरते तेव्हा फिरण्याच्या जागी ती रेंगाळते.

थेंबातही तेच होतं. २ ते ३ भागांच्या मधे पडलेले किरण ११.४ ते १७.१ अंशांत पसरतात, म्हणजे पावणेसहा अंशांत. ८ ते ९ भागांच्या मधले सगळे किरण मात्र ४१.२ ते ४२ या जेमतेम एका अंशाच्या फटीत कोंबले जातात. शिवाय ही बाहेरची पट्टी काही अरुंद नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर थेंबावर पडलेल्या प्रकाशाचा १७ टक्के भाग या पट्टीवर पडतो, २ ते ३ भागांच्या पट्टीवर फक्त ५ टक्के. एकीकडे प्रकाश जास्त आणि दुसरीकडे त्याला जागा कमी. म्हणून ४२ अंशांच्या कडेला उजेड दाटतो. त्याच्या आत फिका उजेड असतो, बाहेर काहीच नाही.

आता थेंब बाजूला ठेवून आकाशाकडे बघू. सूर्य पाठीमागे आहे आणि समोर सर कोसळतेय. सूर्यापासून निघून तुमच्या डोक्यातून जाणारी रेषा पुढे तुमच्या डोक्याच्या सावलीत उतरते. या रेषेपासून ४२ अंशांवर जे जे थेंब आहेत ते ते आपला दाटलेला उजेड तुमच्या डोळ्यात टाकतात. रेषेपासून सगळीकडे सारखाच कोन म्हणजे वर्तुळ. आपल्याला धनुष्य दिसतं कारण खालचा भाग जमीन खाते. आणि सूर्य ४२ अंशांहून वर गेला की वर्तुळाचा माथाही क्षितिजाखाली जातो. म्हणून इंद्रधनुष्य सकाळी पश्चिमेला किंवा संध्याकाळी पूर्वेलाच दिसतं. जूनमधल्या भर दुपारी, ऊन-पाऊस कितीही खेळला तरी जमिनीवरून दिसत नाही.

आतापर्यंत मी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण इथवरची गोष्ट रंगाशिवायच पुरी होते. पाण्याचा अपवर्तनांक सगळ्या रंगांना सारखा असता तर आकाशात एक लखलखीत पांढरी कमान उमटली असती. पण तो किंचित वेगळा आहे. तांबड्यासाठी १.३३१, जांभळ्यासाठी १.३४३ च्या आसपास. फरक एक टक्क्यालाही पुरा भरत नाही. या आकड्यांनी शिखर पुन्हा काढलं तर तांबड्याचं ४२.४ अंशांवर येतं आणि जांभळ्याचं ४०.६ वर. पाण्यात तांबडा कमी वळतो, म्हणून त्याचा यू-टर्न जास्त अपुरा राहतो आणि त्याची फाक मोठी. न्यूटनने १७०४ मध्ये हेच आकडे ४२ अंश २ मिनिटं आणि ४० अंश १७ मिनिटं असे दिले होते. त्याचे अपवर्तनांक आजच्यापेक्षा जरासे वेगळे होते, एवढंच.

आता भाचीचा प्रश्न. मी तिला म्हटलं, तू थेंबाजवळ उभी राहून बघतेयस. इंद्रधनुष्य बघणारा थेंबाजवळ नसतो. तो दूर असतो, आणि त्याच्या डोळ्याची बाहुली काही मिलिमीटरची. तुझ्या आकृतीतल्या थेंबातून तांबडा जास्त उतरता, ४२.४ अंशांनी खाली येतो. जांभळा कमी उतरता, ४०.६ अंशांनी. एक किलोमीटर दूरच्या थेंबातून निघालेले हे दोन किरण आपल्यापर्यंत पोचेतो त्यांच्यात तीसेक मीटरचं अंतर पडलेलं असतं. म्हणजे एखाद्या थेंबाचा तांबडा किरण तुझ्या डोळ्यात शिरला तर त्याचा जांभळा किरण आठ-दहा मजले वरून निघून जातो. तो तुला कधीच दिसत नाही.

"मग मला जांभळा कुठून दिसतो?"

दुसऱ्या थेंबातून. त्या थेंबाचा जांभळा तुझ्या डोळ्यात यायचा असेल तर तो कमी उतरत येणारा किरण आहे. म्हणजे तो थेंब आकाशात खाली हवा. जास्त उतरत येणारा तांबडा तुझ्यापर्यंत पोचायला थेंब वर हवा. एका थेंबातून जांभळा वर आणि तांबडा खाली निघतो, म्हणूनच आकाशात तांबडे दिसणारे थेंब वर आणि जांभळे दिसणारे खाली असतात. आकृती आणि आकाश उलटे दिसतात त्याचं कारण हेच: आकृतीत थेंब एक आणि किरण अनेक, आकाशात थेंब अनेक आणि प्रत्येकाचा तुझ्या वाट्याला आलेला किरण एक. थेंब पडत असतात, त्यामुळे एकच थेंब वरून खाली येताना तुला आधी तांबडा, मग पिवळा, हिरवा आणि शेवटी जांभळा दिसून मोकळा होतो. त्याची जागा वरचा थेंब घेतो.

तिला पटलं. पण मला मात्र हे उत्तर अर्धंच वाटतं. कारण त्यातून असं वाटतं की कमानीत रंगांचे सात पट्टे शेजारीशेजारी ठेवलेत, प्रत्येक आपापल्या कोनात. तसं नाही. आठवा: ४२.४ ही तांबड्याची शेवटची मर्यादा आहे, एकमेव जागा नव्हे. तांबडा प्रकाश ४१ वरही येतो, ३० वरही, शून्यावरही. म्हणजे आकाशात तांबड्याचा पट्टा नाही, एक पूर्ण तांबडी थाळी आहे, जिची कड लखलखीत आणि आतला भाग फिका. तशीच नारिंगी थाळी, थोडी लहान. मग पिवळी, हिरवी, आणि सर्वात लहान जांभळी. सगळ्या थाळ्या एकाच केंद्रावर एकावर एक ठेवलेल्या आणि सगळ्या पारदर्शक.

जिथे सगळ्या थाळ्या एकमेकींवर येतात, म्हणजे कमानीच्या आत, तिथे सगळे रंग मिसळून पांढुरका उजेड होतो. बाहेर कुठलीच थाळी पोचत नाही. फक्त कडांच्या अरुंद पट्ट्यात रंग सुटे दिसतात, आणि त्यातही अगदी बाहेरच्या रेघेवर तांबड्याची थाळी एकटीच उरते. तिथे त्याच्यात मिसळायला दुसरं कोणी नाही. म्हणून इंद्रधनुष्यात तांबडा सर्वात स्वच्छ आणि ठसठशीत असतो. जांभळ्याच्या नशिबी हे सुख नाही. त्याच्या कडेवर इतर सगळ्या थाळ्यांचा फिका भाग पसरलेला असतो. त्यात सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे प्रत्येक कड आणखी पुसट होते. पारवा आणि जांभळा वेगळे मोजून दाखवणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

हे थाळ्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे पुढच्या पावसात कोणालाही तपासता येईल. कमानीच्या आतलं आणि बाहेरचं आकाश शेजारीशेजारी बघा. आतलं स्पष्ट उजळ असतं, बाहेरचं काळपट. फोटोत हा फरक जास्त उठून दिसतो. कमान नेहमीपेक्षा तेजस्वी असेल तर बाहेर दुसरी, फिकी कमान दिसते आणि तिचे रंग उलटे असतात, तांबडा आतल्या कडेला. हा उजेड थेंबात दोनदा परावर्तित झालेला असतो. त्याची थाळी होत नाही, उलट भोक होतं: ५० अंशांच्या आत तो येऊच शकत नाही, त्याच्या बाहेर मात्र सगळीकडे पसरतो. तांबड्याची मर्यादा ५०.४ अंश, जांभळ्याची ५३.५ च्या आसपास. म्हणजे ४२.४ ते ५०.४ या पट्ट्यात पहिल्या कमानीचाही उजेड नाही आणि दुसरीचाही नाही. या काळ्या पट्ट्याला अॅलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ अॅफ्रोडिसियसच्या अॅलेक्झांडरने तो लिहून ठेवला होता. दोन्ही कमानींचे तांबडे या अंधाराकडे तोंड करून उभे असतात. एका कमानीत तांबडा बाहेर आणि दुसरीत आत, असं वेगवेगळं लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं.

जाता जाता एक गैरसमज. थेंबाच्या मागच्या भिंतीवर पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, असं पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते होत नाही, होऊच शकत नाही. पूर्ण परावर्तनासाठी आतून ४८.६ अंशांहून जास्त कोनात आपटावं लागतं. बाहेरून शिरलेला किरण आत कधीच त्याहून मोठा कोन करू शकत नाही, आणि वर पाहिलं तसं मागच्या भिंतीवरही तोच कोन राहतो. कमान घडवणारा किरण ४०.२ अंशांनी आपटतो. त्यातला शंभरातला पाच-सहा भाग मागे वळतो, बाकीचा पलीकडून निघून जातो. इतक्या उधळपट्टीनंतर उरलेल्या उजेडाची ही कमान. शिवाय हा कोन असा पडतो की परतणारा प्रकाश जवळजवळ एकाच दिशेत कंप पावतो. म्हणून पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवला तर कमानीचा एखादा भाग गायब होतो आणि पुन्हा उगवतो.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. थेंब मोठा, दोन-तीन मिलिमीटरचा झाला की पडताना चपटा होतो, आणि गोलासाठी केलेलं गणित त्याला लागू पडत नाही. थेंब फार लहान, धुक्याच्या कणाएवढा असला तर प्रकाशाला किरण मानणंच चुकतं. तिथे लाटेचा स्वभाव पुढे येतो, कडा रुंद होऊन रंग एकमेकांत सांडतात आणि धुक्यात पांढरी कमान दिसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या ढगात स्वतःच्या सावलीभोवती दिसणारं इंद्रवज्र तर आणखी वेगळं. त्याला गोल इंद्रधनुष्य म्हणतात, पण त्याची कडी काही अंशांचीच असते. वरच्या हिशेबातला ४२ चा आकडा त्यात कुठेच बसत नाही.

मी हे सगळं सांगेपर्यंत ऊन चढत होतं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून मी फवारा उडवला. तिने पाठ सूर्याकडे केली, हात लांब केला आणि डोक्याच्या सावलीपासून वीत मोजली. हात ताणून धरलेली वीत साधारण वीसएक अंशांची होते. दुसऱ्या वितीच्या टोकाला करंगळीपाशी तांबडी कड आली. फवारा आम्ही गच्चीच्या खालपर्यंत मारला तेव्हा अर्ध्याहून बरंच जास्त वर्तुळ दिसलं, तिच्या सावलीच्या दोन्ही बाजूंनी फरशीपर्यंत उतरलेलं.

मग तिने डोळे चोळले. "मामा, मला दोन दिसतायत. एकमेकांवरून गेलेल्या."

मी तिला एक डोळा मिटायला सांगितला. एक कमान गेली. दुसरा मिटला तर पहिली गेली आणि दुसरी थोडी सरकून उगवली. थेंब हातभर अंतरावर होते. इतक्या जवळून उजव्या डोळ्याच्या वाट्याला आलेले थेंब वेगळे आणि डाव्या डोळ्याच्या वाट्याला आलेले वेगळे. ती बराच वेळ डोळे आलटूनपालटून मिटत बसली, आणि माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत तळं साचलं.